उद्याच्या रक्ताला आजचं माहीत नसतं

शाळेत श्वास तपासायचं यंत्र आलं तेव्हा आमच्या भागात तसलं यंत्र बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेलं होतं. साल दोन हजार उलटून काही वर्षं झाली होती. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या आमच्या शाळेत मी कार्यालयाची प्रमुख होते. फी, दाखले, परीक्षेचे कागद आणि त्यांच्या जोडीला पाच बस माझ्याकडे होत्या. बस म्हणजे बसचे चालकही आलेच.

त्या वर्षी रस्त्यावर प्रवासी कोंबून नेणारी एक वडापची जीप उलटली. चालक प्यायलेला होता असं सगळे म्हणत होते. खरं काय ते कधी कळलं नाही, पण पालकसभेत दुसरा विषयच निघेना. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाले, "यंत्र आणू. बाई, नियम तुम्ही करा."

नियम करणं हे माझ्या आवडीचं काम. मी ते एका पानात बसवले, मोठ्या अक्षरात लिहिले आणि गेटजवळच्या खोलीत भिंतीला चिकटवले. रोज सकाळी गाडीची किल्ली माझ्याकडून घ्यायची. किल्ली घेण्याआधी नळीत फुंकायचं. फुंकण्याआधी वीस मिनिटं खाणं, चहा, तंबाखू, विडी काही नाही. हिरवा दिवा लागला तर किल्ली, लाल लागला तर नाही. लाल लागलाच तर चूळ भरून बाकावर बसायचं आणि वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. दोन्ही आकडे वहीत, पण दुसऱ्यांदा हिरवा आला तरी त्या दिवशी किल्ली नाही. वीस मिनिटांची अट यंत्राच्या पुस्तिकेत होती. का, ते तिथं दिलं नव्हतं. म्हणून मी मंचरला पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारून घेतलं. कारण माहीत नसलेला नियम मी भिंतीवर लावत नाही.

चालकांनी पहिल्या आठवड्यात भरपूर चेष्टा करून घेतली.

"बाई, सोयरीक जमवताना बी एवढी तपासणी झाली न्हवती!"

"आरं फुग्यात फुंकल्यागत फुंक, नायतर बाई म्हणतील ह्याच्यात दम न्हाई."

"लसणाची चटणी खाऊन आलोय, मशीन बेशुद्ध पडंल बगा."

पेठ गावाच्या बाजूची फेरी करणारे एक चालक मात्र या चेष्टेत नसायचे. ते सगळ्यांच्या आधी यायचे, पहिले फुंकायचे आणि हिरवा दिवा लागला की यंत्र बाकीच्यांकडे वळवून दाखवायचे. एखादा विद्यार्थी पैकीच्या पैकी गुणांची पाटी दाखवतो तसं. त्याला कारण होतं. हे गृहस्थ पूर्वी नारायणगावहून टोमॅटोचे ट्रक घेऊन सुरतेपर्यंत जात, आणि पीत. चांगलंच पीत. मग बायकोनं त्यांना उपचाराला नेलं आणि दारू सुटली ती सुटलीच. नोकरीसाठी माझ्यासमोर बसले तेव्हा मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं होतं.

"बाई, आदी सांगतो. पीत व्हतो. आता थेंब न्हाई. कळंबला घर हाय, कुणालाबी इचारा."

मी विचारलं. लोक म्हणाले, खरं आहे. मी त्यांना घेतलं. पोरं त्यांना बसकाका म्हणायची आणि त्यांच्या गाडीत भांडणं होत नसत, एवढंच मला कार्यालयात बसून दिसायचं. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

ज्या सकाळची ही गोष्ट, त्याच्या थोडे दिवस आधी बसकाकांचे वडील वारले. त्यांचं मूळ घर ओतूरकडे. दशक्रिया उरकून, डोकं तुळतुळीत करून ते कामावर आले, ते नदीवरचा खोकला घेऊनच. बोलताना दोनदा थांबायचे. मी म्हटलं, अजून दोन दिवस घरी राहा. "घरी बसून काय करू बाई? पोरांत बरं वाटतं."

त्या सकाळी ते नेहमीसारखे पहिले आले, खोकले, घसा साफ केला, नळी लावली आणि फुंकलं.

लाल.

आकडा नव्वदच्या घरात. ते यंत्र श्वासावरून रक्तातल्या दारूचा अंदाज दाखवायचं, शंभर मिलीलिटरला इतके मिलिग्रॅम असा. रस्त्यावरच्या कायद्यात मर्यादा तीसची, आमच्या शाळेत शून्याची.

चेष्टा करणारे चालक नजर खाली घालून उभे राहिले, आणि ते मला लाल दिव्यापेक्षा वाईट वाटलं. बसकाका यंत्राकडे बघत होते, जणू ते त्यांच्यावर भुंकलं होतं.

"मशीन बिगाडलं," ते म्हणाले.

मी शेजारच्या चालकाला फुंकायला लावलं. हिरवा. मी स्वतः फुंकलं. हिरवा.

"भाऊ, चूळ भरा आणि बाकावर बसा," मी म्हटलं. पेठची फेरी दुसऱ्याला दिली, राखीव चालकाला फोन लावला, गाड्या वेळेवर सोडल्या. घाबरायला वेळ नंतर असतो. लाल लागला नेमकं तेव्हाच एक पालक, कामावर लवकर जायचं म्हणून, मुलीला मोटारसायकलवरून सोडायला गेटवर आले होते. त्यांनी लाल दिवा पाहिला. पुढचं सांगायला नको. बातमीला शाळेची बस लागत नाही.

वीस मिनिटांनी बसकाकांनी पुन्हा फुंकलं. हिरवा. आकडा शून्य.

"बगा!" ते उठून उभे राहिले. "म्हनलं न्हवतं? द्या किल्ली."

"आज नाही. आज लाल लागला. नियम आहे."

"पर आता शून्य आलं ना?"

"आलं. तेही लिहिलंय."

तेवढ्यात अध्यक्षांची जीप आत शिरली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. आयुष्यात त्यांनी दारूला स्पर्श केलेला नव्हता. मुलांच्या बाबतीत त्यांना कसलाच धोका नको असे, आणि तो त्यांचा गुणच होता. त्या दिवशी तो गुण आम्हाला जड जाणार होता.

"किती आला आकडा?"

मी दोन्ही आकडे सांगितले.

"म्हणजे वीस मिनिटांत उतरली."

"अण्णा, तशी उतरत नसते," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही घेतलीये का कधी?"

"नाही. विचारून घेतलंय."

ते बसकाकांकडे वळले. आवाज खाली आणला, तसा तो आणखी टोचला. "बाप गेलाय. दुःखात माणूस पूर्वीच्या गोष्टीकडे वळतो. मी समजू शकतो. पण माझ्या पोरांची गाडी तुमच्या हातात देऊ शकत नाही. उद्या संध्याकाळी समिती बसेल, तिथं बोला काय ते. तोवर घरी."

टक्कल झाकायला घातलेली टोपी काढून बसकाकांनी हातात घेतली, परत घातली, आणि बाकावर बसले.

अध्यक्ष गेल्यावर मला एकच गोष्ट खुपत राहिली: उद्या संध्याकाळ. वीस मिनिटांच्या अटीचं कारण विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी बरंच काही सांगितलं होतं. श्वासातली आणि रक्तातली दारू म्हणजे एकाच घरातली दोन माणसं, एक बाहेर पडलं की दुसरंही पडतं, आणि काही तासांत दोघंही गेलेली असतात. मग समिती उद्या संध्याकाळी बसून काय तपासणार? नोकरी गेली तर गेली, पण गावात "सुटली म्हणत होता, परत लागली" हे जे होणार होतं ते कुठल्याही ठरावानं पुसता आलं नसतं.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. अर्ध्या मिनिटात सांगितलं.

"लगेच आणा," त्या म्हणाल्या. "उद्या आणलंत तर मी काही सांगू शकणार नाही. उद्याच्या रक्ताला आजचं काही माहीत नसतं."

मी फोन ठेवला आणि म्हटलं, "चला भाऊ, मंचरला. रक्त द्यायचंय."

"म्या येणार न्हाई."

"का?"

"चोर हाय का मी? इतकी वर्सं हितं ऱ्हायलो, माझ्या शब्दाला काय किंमत हाय का न्हाई? म्हनलो ना प्यालो न्हाई. ज्याला पटलं त्याला पटलं."

मी वाद घातला नाही. ज्याचा अभिमान दुखावलाय त्याच्याशी मी वाद घालत नाही, त्याच्यावर ज्याचा हक्क आहे त्याला बोलावते. कळंब काही लांब नाही. त्यांची बायको शेतातून तशीच, पदर खोचलेला, हातांना माती, दूधवाल्याच्या गाडीत बसून आली. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, ह्यांनी घेतली न्हाई."

"मला माहीत आहे. पण माझ्या माहितीला कोणी विचारत नाही. रक्ताला विचारतील. आणि रक्त दुपारपर्यंतच बोलेल."

ती वळली. "अवो, उठा."

"न्हाई म्हनलो ना."

"मागं दवाखान्यात न्यायला निगाले तवा बी असंच बाजल्याला धरून बसला व्हता. तवा प्यायला व्हता म्हनून. आता न प्यायल्यापाई धरून बसताय व्हय? तवा मी वढत नेलं, आता बी नेईन. चार माणसांत बरं दिसंल का ते तुमीच बगा."

शिपाई तोंड फिरवून हसला. बसकाका उठले.

लॅबमध्ये डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना आत बसवलं. त्यांनी रक्ताची बाटली काढली, राखाडी बुचाची, आतमध्ये चिमूटभर पांढरी पूड. ती पूड रक्त गोठू देत नाही आणि ते ठेवल्यावर आपोआप आंबूही देत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी कापूस घेतला आणि स्पिरिटच्या बाटलीला हात न लावता साबणाच्या पाण्यानं बसकाकांचा हात पुसला.

"स्पिरिट न्हाई लावत?" बायकोनं विचारलं.

"आज नाही. स्पिरिट म्हणजेही दारूचंच भावंड. रक्तात नसलेलं कातडीवरून बाटलीत गेलं तर कोणी नंतर बोट दाखवेल. तशी संधी द्यायचीच नाही."

हे ऐकून मला त्या बाईंबद्दल जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. आपल्यासारखं काम करणारं कुणी भेटलं की माणसाला एकटं वाटत नाही.

रक्त घेतलं, लघवीचा नमुना घेतला, दोन्हींवर वेळ लिहिली, सील केलं. मग त्या खुर्चीत टेकल्या.

"आता सांगा. सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"काय न्हाई. चहा बी न्हाई. बाईंचा नियम हाय."

"तंबाखू?"

"सोडली."

"पान, गुटखा, वेलची, तोंडाला वास यावा म्हणून काही?"

"आयशप्पत काय न्हाई."

"औषध?"

"ते खोकल्याचं घेतलं की. गेटावर. लई खोकला आला म्हनून दोन घोट."

मी चटकन मान वर केली. "भाऊ! वीस मिनिटं काही नाही असं लिहिलंय ना भिंतीवर?"

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की चूक माझीच असावी. "बाई, खाणं, चहा, तंबाखू, विडी लिवलंय. औषध म्हंजे काय खाणं हाय का? एकादशीला बी औषध चालतं."

खरंच होतं ते. एकादशीला औषध चालतं. आमच्याकडे सगळ्यांच्या घरी चालतं. उपास मोडत नाही.

त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. ओतूरच्या बहिणीनं तिथल्या वैद्यांकडून आणून दिलेलं अरिष्ट, तपकिरी, गोडसर वासाचं. डॉक्टरबाईंनी बूच काढून हुंगलं आणि हसल्या.

"आसव म्हणा, अरिष्ट म्हणा, ते आंबवूनच होतं. काढा, गूळ, धायटीची फुलं घालून ठेवतात. आंबलं की आपोआप थोडी दारू तयार होते, औषध त्यातच टिकतं. चांगलं औषध आहे, पण तोंड त्यानं ओलं असताना यंत्रात फुंकलं तर यंत्राला फुप्फुसातली हवा कुठली आणि गालातली वाफ कुठली ते कळत नाही. लाल लागणारच. चूळ भरली, पंधरा-वीस मिनिटं गेली, तोंड कोरडं झालं, की शून्य. तसंच झालंय."

मला हायसं वाटलं. मी बसकाकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हंजे," ते हळू म्हणाले, "म्हंजे मी प्यालोच की."

कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. मघापासून आम्ही त्यांची नोकरी वाचवत होतो. ते दुसरंच काहीतरी सांभाळत होते.

"इतक्या वर्सांत थेंब न्हाई. म्या समद्यांना सांगत आलो, थेंब न्हाई. आन् बापाच्या दहाव्यापास्नं रोज तीन येळा..." त्यांनी टोपी काढली. "घरच्या मोठ्या बाटलीतनं हिनंच भरून दिली ही."

बायको त्यांच्याजवळ सरकली. "मला काय ठावं, मेलं गुळाचं औषध!"

डॉक्टरबाई पुढे वाकल्या. त्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता तसा मऊ झाला. "काका, माझं ऐका. त्या दोन घोटांतली दारू रक्तात पोचते तेव्हा इतकी थोडी असते की मोजायला गेलं तर सापडत नाही. तुम्ही नशेसाठी घेतली नाही, तुम्हाला नशा आली नाही. औषध घेतलंत. पण सुटलेल्या माणसानं हे पुन्हा घेऊ नये असं मीही म्हणेन. खोकल्यासाठी गोळ्या देते."

"ती बाटली फेका," बसकाका म्हणाले.

"नको," मी म्हटलं. "मला हवी आहे."

निघताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, अध्यक्ष काय काय विचारतील ते समोर ठेवून. त्यांनी एकेक सांगितलं. उत्तरं मी नीट पाठ केली, कारण समितीपुढे मीच उभी राहणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समिती बसली. अध्यक्ष, चार सदस्य, बसकाका आणि त्यांची बायको दाराशी. पालकांपैकी तो मोटारसायकलवाला आणि आणखी दोघं. रक्ताचा नमुना पुण्याच्या मोठ्या लॅबला गेला होता, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

अध्यक्षांनी सुरुवात केली. "माझा प्रश्न साधा आहे. वीस मिनिटांत उतरली असेल तर?"

"अण्णा, यकृत दारू काढतं ते आपल्या पद्धतीनं, घाई करत नाही. तासाला पंधरा-वीस, फार तर पंचवीस आकडे. लिंबू, ताक, थंड पाणी, झोप, कशानंही त्याचा वेग वाढत नाही. रात्री भरपूर प्यायलेल्याच्या श्वासात सकाळी येते ती म्हणूनच. खरंच रक्तात नव्वद असते तर शून्यावर यायला दुपार झाली असती. वीस मिनिटांत शून्य, म्हणजे ती रक्तात नव्हतीच."

"बरं. गेटच्या बाहेर उभं राहून तेव्हाच घेतली असेल तर? अजून रक्तात चढली नसेल."

प्रश्न चांगला होता. मी डॉक्टरबाईंना तोही विचारला होता. "मग तोंडातली गेल्यावर पोटातली वर यायला लागली असती. तासाभरात आकडा वाढला असता. दोन तासांच्या आसपास रक्त घेतलंय. तेव्हा ती चांगली चढलेली सापडली असती. म्हणूनच मी आजच्या संध्याकाळपर्यंत थांबले नाही."

एक सदस्य होते, त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. ते पुढे सरकले. "माझा मुलगा सांगत होता, परदेशात केसांची तपासणी असते. तीन-तीन महिन्यांचं निघतं त्यात. रक्ताचं काय घेऊन बसलात? केस द्या, आत्ता कळेल."

सगळ्यांच्या नजरा बसकाकांच्या डोक्याकडे गेल्या. त्यांनी टोपी काढली. दिव्याखाली डोकं चमकलं.

"घ्या की," ते म्हणाले, "सापडला तर घ्या."

मोटारसायकलवाला पालक आधी हसला. मग सगळेच. अध्यक्षांनीही रुमाल तोंडाशी धरला.

"छातीवरचं चालत्यात का?" एकानं विचारलं आणि पुन्हा हशा झाला.

मी थांबले, हशा ओसरू दिला. "केसांची तपासणी आपल्याकडे होत नाही, आणि केस असते तरी कालच्या सकाळचं त्यांनी सांगितलं नसतं. केस महिन्याला बोटाच्या पेरापेक्षाही कमी वाढतो. आज घेतलेलं केसातून कातडीच्या वर यायलाच आठवडा लागतो. तीन महिने भरपूर पिणारा कोण, ते केस सांगतात. काल सकाळी कोण प्यायला, ते नाही. लघवीत रक्तापेक्षा जास्त वेळ राहते, बारा तास, कधी दिवसभर. तिचाही नमुना गेलाय. लघवीची एक नवी तपासणी मोठ्या शहरांत निघाली आहे, तिच्यात दोन-तीन दिवसांपूर्वीचा मागही लागतो. पण डॉक्टर म्हणाल्या, ती इतकी नाजूक की औषधाचे दोन घोटही पकडेल, आणि मग आपण पुन्हा इथंच."

"औषधाचं हे तुमचं म्हणणं," अध्यक्ष म्हणाले. पण आता त्यांच्या आवाजात फक्त चौकशी होती.

मी पिशवीतून यंत्र काढलं, फुंकलं. हिरवा. मग ओतूरची बाटली काढून दोन घोट घेतले. कडू-गोड, घशाला जाळत गेलं. पुन्हा फुंकलं.

लाल. आकडा बसकाकांच्याही वर.

"बाई!" अध्यक्ष अर्धवट उठले.

"आता पेठची फेरी मला देऊ नका," मी म्हटलं.

चूळ भरली आणि तिथंच बसले. वीस मिनिटं समितीनं छपराच्या गळतीचा विषय घेतला. मग मी पुन्हा फुंकलं. शून्य. अध्यक्षांनी यंत्र स्वतःच्या हातात घेऊन आकडा पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"अहवाल येऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "मी बाईंवर विश्वास ठेवतो, पण पालकांना कागद दाखवावा लागेल." आणि ते बसकाकांकडे वळले. "काल मी तुमच्या वडिलांचं नाव काढलं. काढायला नको होतं."

बसकाकांनी मान हलवली.

अहवाल येईपर्यंतचे दिवस मी बसकाकांना कामावर बोलावलं, गाडीवर नाही, गेटवर. बाकीचे चालक फुंकताना त्यांनी शेजारी उभं राहायचं. पहिल्या दिवशी एकजण चेष्टेनं म्हणाला, "काय राव, दारू पकडनारा हवालदार झाला का?" बसकाका हसले नाहीत. "आदी सांग," ते म्हणाले, "तोंडात काय काय गेलंय? औषध बी धरायचं. गोळी, चाटण, आसव, समदं." नियमाच्या पानावर मी नवीन ओळ लिहिली: औषधसुद्धा. त्यातला "सुद्धा" त्यांनी सांगितला. "नुसतं औषध लिवलं तर लोक म्हनतील, एकादशीला चालतं."

अहवाल फॅक्सवर आला. रक्त: दारू आढळली नाही. लघवी: आढळली नाही. कागदाची झेरॉक्स मी पालकांच्या फलकावर लावली, मूळ कागद अध्यक्षांना दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष स्वतः गेटवर आले. मी कपाटातून पेठच्या बसची किल्ली काढली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि बसकाकांसमोर धरली. बस सुटायची वेळ झाली होती. बसकाकांची बायकोही आली होती, कशाला ते ती सांगत नव्हती.

बसकाकांनी हात पुढे केला नाही.

"अण्णा, आदी मशीन."

"अहो, राहू दे आज. अहवाल आलाय."

"अहवाल त्या दिवसाचा. आजचा न्हाई."

मी यंत्र दिलं. त्यांनी मला विचारू दिलं, मी विचारलं, तोंडात काय काय गेलंय. "काय न्हाई. डॉक्टरबाईंची गोळी रात्री." मग त्यांनी खोल श्वास घेतला. खोकला आला नाही. लांब, एकसारखं फुंकलं, यंत्र वाजेपर्यंत. हिरवा लागला तसा त्यांनी तो आधी अध्यक्षांना दाखवला, मग बायकोला, मग गेटवर लवकर येऊन वाकून बघणाऱ्या पोरांना.

मग किल्ली घेतली.

त्या एका नळीनं, एका बाटलीनं आणि वेळेवर घेतलेल्या दोन चमचे रक्तानं एका माणसाचा शब्द शाबूत ठेवला, आणि त्यात माझा थोडा हात होता, याचा मला अजून अभिमान आहे. अध्यक्ष गेटशी उभे राहून बस वळणावर जाईपर्यंत बघत होते. बसकाकांची बायको मात्र थांबली नाही. वळण यायच्या आतच ती कळंबच्या बाजूला चालू लागली होती. शेतात पाणी सोडलेलं होतं म्हणाली.